जेवणानंतरची शुगर चांगली, पण सकाळची उपाशीपोटी ९५ च्या खाली येत नाही. इन्सुलिन घ्यावंच लागेल का?

पारोळ्याची_लेक (सोमवार, रात्री १०.२०)

मला २९वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. २४व्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं तर १५६ आली. डॉक्टरबाईंनी साखरेचा चहा आणि रात्रीचा भात बंद करायला सांगितला, घरी मशीन घ्यायला लावलं. तेव्हापासून दोन्ही वेळ दादरची नाहीतर कळण्याची भाकरी, कधी भरीत, कधी मेथी, आणि उडदाची डाळ. जेवणानंतर दोन तासांनी १०४ ते ११८ येते, एकदाही १२० च्या पुढे गेली नाही.

पण सकाळची बघा, मागचा आठवडा: ९९, १०४, ९७, १०२, १०६, ९३, १०१. त्याआधी दोनदा तर मी रात्री जेवलेच नाही, फक्त ताक प्यायले, तरी सकाळी १०३ आणि १०५. काल डॉक्टरबाई म्हणाल्या, आता रात्रीचं इन्सुलिन सुरू करू. मी चार दिवस मागून घेतले आहेत.

खाण्यात चूक नसेल तर सुई कशासाठी, हे मला समजत नाही. घरात सासूबाई म्हणतात, "सुई एकदा लागनी का सुटस नही." आणि खरं सांगते, मला सुईचीच भीती आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेताना मला घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी आली होती. त्यात हे पोटात टोचायचं म्हणतात. बाळाला लागलं तर?

तापीकाठ (सोमवार, रात्री १०.५५)

ताई, घाबरू नका. माझ्या मिसेसला मागच्या वर्षी हेच होतं. आमच्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जेवणानंतरची १२० च्या आत असेल तर इन्सुलिन देत नव्हते, मिसेसला दिलंच नाही. तुमची तर ११८ च्या वर नाही, म्हणजे तुम्हाला गरज नाही. रात्रीचं जेवण सात वाजता करा आणि मध्ये काही खाऊ नका, सकाळी आपोआप उतरेल. आणि दोन तास जेवण संपल्यापासून मोजा, तर बरोबर येईल.

नंदुरबारकर (सोमवार, रात्री ११.१०)

माझ्या आईला २२ वर्षांपासून शुगर आहे. ती पण सुईला नाहीच म्हणत होती. पायाला जखम झाली ती भरेना, शेवटी इन्सुलिन घेतलं तेव्हा भरली. ताई, पायांची काळजी घ्या, अनवाणी शेतात जाऊ नका.

जुनी_सिस्टर (मंगळवार, सकाळी ६.१५)

नंदुरबारकर भाऊ, आईंचं तुमचं खरं आहे, पण तो आजार वेगळ्या चालीचा. पायाला इजा व्हायला बरीच वर्षं शुगर वाढलेली लागते. या पोरीची गोष्ट नऊ महिन्यांतली आहे.

लेकी, मी धुळे जिल्ह्यात प्रसूती वॉर्डात ३१ वर्षं काढली. तुझं कोडं मी कितीतरी जणींच्या वहीत पाहिलं आहे. जेवणानंतरची शुगर तू ताटातून आणतेस, म्हणून ती तुझ्या हातात आहे. सकाळची ताटातून येत नाही. रात्री पोट रिकामं झालं की यकृत साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडत राहतं, झोपेतही शरीराला ती लागते. त्याला किती सोडायची ते आपलंच इन्सुलिन सांगतं. गरोदरपणात वार जी संप्रेरकं तयार करते, त्यांच्यामुळे इन्सुलिनचं म्हणणं यकृताला नीट ऐकू जात नाही. मग ते पहाटेपर्यंत जास्त साखर सोडतं. म्हणून तू उपाशी झोपलीस तरी १०३ आली. भाकरी कमी करून यकृताला आवर घालता येत नाही.

आणि उपाशी झोपणं आजपासून बंद कर. लांब उपास पडला की शरीर चरबी जाळायला लागतं, लघवीत किटोन येतात, आणि पोटुशी बाईला ती अवस्था फार लवकर गाठते. तापीकाठ भाऊंचा हा सल्ला मनापासून आहे, पण उलटा आहे. दोन तासही पहिल्या घासापासून मोजायचे. शेवटच्या घासापासून मोजले तर वाढलेली शुगर उतरून गेल्यावरची मिळते आणि आपण खूष होतो.

आता सुईचं ठरवण्याआधी मला एवढंच सांग: सकाळी उठतेस किती वाजता आणि मशीन लावतेस किती वाजता?

पारोळ्याची_लेक (मंगळवार, दुपारी २.०५)

सिस्टर, उठते पाच वाजता. सडा, पाणी भरणं, म्हशीचं दूध काढणं झालं की हात मोकळा होतो, तेव्हा साडेसातला लावते. चहा मात्र तोवर घेत नाही. रात्री जेवायला साडेनऊ होतात, शेतातून माणसं उशिरा येतात.

जुनी_सिस्टर (मंगळवार, दुपारी ३.३०)

मला हीच शंका होती. पहाटे शरीर जागं व्हायला लागलं की यकृत आणखी साखर सोडतं. त्यात अडीच तास काम आणि पोटात काही नाही. साडेसातचा आकडा हा उठल्याचा आकडा नाही. उद्यापासून मशीन उशाशी ठेव आणि पाय खाली टेकले की आधी तपास. झोपताना एक कप बिनसाखरेचं दूध किंवा मूठभर भाजलेले फुटाणे खा. त्याने काहींच्या सकाळच्या शुगरमध्ये थोडा फरक पडतो, काहींच्या पडत नाही. चार दिवस तू मागितलेच आहेत, ते यासाठी वापर.

लॅबवाला_भुसावळ (मंगळवार, संध्याकाळी ७.४५)

मी लॅबमध्ये काम करतो, मशीनबद्दल दोन गोष्टी सांगतो. घरचं मशीन चांगलं असलं तरी लॅबपेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे दाखवू शकतं. म्हणजे मशीनवर ९९ दिसली तर खरी ८७ ही असू शकते आणि ११० ही. एका आकड्यावर रडू नये आणि एका आकड्यावर हसूही नये. पण सातातले सहा दिवस वर असतील तर ते मशीनच्या चुकीवर ढकलता येत नाही, जोवर मशीन कायमच जास्त दाखवत नाही. ते तपासायचं असेल तर मशीन लॅबमध्ये घेऊन जा, उपाशीपोटी, आणि शिरेतून रक्त काढतील त्याच मिनिटाला बोटाचं लावा. उपाशीपोटीच जुळवायचं, कारण जेवल्यावर बोटातलं रक्त शिरेपेक्षा मुळातच जास्त दाखवतं.

दुसरं, हात. परवा एक वहिनी १७२ घेऊन रडत आल्या. आमरसासाठी आंबे पिळून झाल्यावर ओल्या फडक्याला हात पुसून बोट टोचलं होतं. साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा घेतलं, १०८. पाण्याचा थेंब राहिला तर उलट कमी येतं. बोटाच्या टोकावर मध्ये टोचू नका, कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. रक्तासाठी बोट फार दाबायचं नाही, हात खाली सोडून झटका. आणि पट्ट्यांची डबी चुलीजवळ किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, आपल्याकडच्या ४४ डिग्रीत त्या बिघडतात. झाकण लगेच लावा.

केळीवाली_रावेर (मंगळवार, रात्री ९.३०)

मी घेतलं इन्सुलिन, दोन्ही बाळंतपणांत. सुईबद्दल मी सांगते, कारण मीही तुझ्यासारखीच होते. पहिल्या दिवशी सिरिंज हातात धरून मी पाऊण तास पलंगावर बसले होते, समोर आई बसलेली. शेवटी टोचली तेव्हा आईला विचारलं, "गेली का?" धनुर्वाताची सुई दंडाच्या स्नायूत खोल जाते, औषधही ठणकतं. ही फक्त कातडीखालच्या चरबीत जाते. पेनची सुई ४ मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही आखूड. खरं दुखतं ते दिवसातून चारदा बोट टोचणं, आणि ते तर तू रोज करतेच आहेस!

पोटात टोचायची भीती मलाही होती. डॉक्टरांनी सांगितलं, गर्भाशय त्याच्या कितीतरी आत असतं. पण शेवटच्या दोन महिन्यांत पोट ताणलं गेलं तेव्हा मला तिथे टोचवेना, मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला घेतलं. चाललं. रोज जागा दोन बोटं सरकवायची, एकाच जागी टोचलं तर तिथे गाठ होते.

तुला चक्कर येते ना, मग पहिले आठ दिवस आडवी पडूनच घे. मी तसंच केलं.

तापीकाठ (बुधवार, सकाळी ८.१०)

उपाशी राहण्याबद्दल माझं चुकलं, सिस्टर. मिसेसला विचारलं, ती म्हणाली आम्हाला पण झोपताना दूध सांगितलं होतं, मीच विसरलो. पण एक विचारतो: गोळी का नाही? आमच्या मेहुणीला मेटफॉर्मिनवर भागलं. सुईची एवढी भीती असेल तर गोळी बरी नाही का?

जुनी_सिस्टर (बुधवार, दुपारी १.२०)

गोळी देतात, भाऊ, आणि काहींना तेवढ्यावर भागतंही. त्यात फरक असा की इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, मेटफॉर्मिन जाते. आतापर्यंत ती दिलेल्या आयांच्या बाळांना मोठं नुकसान दिसलेलं नाही, तरी या एका गोष्टीमुळे डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत. आणि गोळी सुरू केलेल्यांपैकी बऱ्याच जणींना पुढे इन्सुलिन जोडावंच लागतं, उपाशीपोटीची जास्त असेल तर विशेष. हे मी इथे ठरवणार नाही. लेकी, तू डॉक्टरबाईंना थेट विचार की गोळी का नको. त्यांच्याकडे कारण असेल आणि ते ऐकायचा तुझा हक्क आहे.

तुमच्या केंद्रातल्या १२० बद्दल: ते जेवणानंतरच्या दोन तासांच्या शुगरबद्दल आहे आणि बरोबर आहे. पण उपाशीपोटीची ९५ च्या आत हवी, हे त्याच्या जोडीला असतं. एक पास झाली म्हणून दुसरी माफ होत नाही. जेवणानंतरची शुगर दोन-तीन तास वर राहते. रात्रीची वाढलेली असेल तर बाळ ती सात-आठ तास सलग पितं. मग त्याचं स्वतःचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करतं, खांद्या-पोटावर चरबी चढते, प्रसूतीत खांदा अडकायचा धोका वाढतो. आणि नाळ कापली की आईकडून साखर येणं थांबतं, पण बाळाचं इन्सुलिन तेवढंच असतं, म्हणून जन्मल्यावर त्याची शुगर घसरते. अशा बाळांच्या टाचेतून रक्त घेत मी रात्र रात्र जागले आहे, म्हणून एवढं लिहिते.

पारोळ्याची_लेक (शुक्रवार, संध्याकाळी ६.४०)

तीन दिवस सांगितल्याप्रमाणे केलं. पाच वाजता, हात धुऊन, अंथरुणावर बसूनच. ९८, १००, ९७. रात्री फुटाणे आणि दूध घेते. आज लॅबमध्ये मशीन घेऊन गेले, शिरेतली ९९, मशीन १०२.

म्हणजे साडेसातच्या आकड्यांत थोडा फुगवटा होता, पण खालचा आकडा खरा आहे. सिस्टर, आता मला वाटतं डॉक्टरबाईंचं बरोबर आहे. उद्या जाते. गोळीचंही विचारेन.

मेडिकल_चाळीसगाव (शुक्रवार, रात्री १०.१५)

ताई, माझं मेडिकल आहे. जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, यात मी लोकांना चुकताना पाहिलं आहे. आपल्याकडे इन्सुलिनची काचेची बाटली बहुतेक ४० ची मिळते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज. पेन आणि त्यातलं काडतूस १०० चं असतं. १०० च्या सिरिंजला केशरी टोपी. ४० च्या बाटलीला केशरी सिरिंज लावली आणि १० च्या रेघेपर्यंत भरलं तर आत जातात फक्त ४ युनिट, मग शुगर उतरत नाही आणि सगळे म्हणतात औषध लागू पडत नाही. उलट केलं, १०० चं औषध लाल सिरिंजने १० पर्यंत ओढलं, तर २५ युनिट जातात. ते जिवावर बेतू शकतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे, हे दर वेळी डोळ्यांनी बघा. दुकानदाराने दिली म्हणून बरोबर असं समजू नका, आम्हीही माणसंच.

रात्रीचं इन्सुलिन दुधासारखं गढूळ असतं. घ्यायच्या आधी दोन्ही तळहातांत धरून १०-२० वेळा हळू फिरवायचं, झटकायचं नाही. फिरवूनही कडेला पांढरे कण चिकटून राहिले तर ती बाटली टाकून द्या.

आणि उन्हाळा. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही. एकदा गोठली की वितळल्यावर ती दिसायला तशीच दिसते पण कामाची राहत नाही. चालू बाटली महिनाभर बाहेर चालते, पण २५-३० डिग्रीपर्यंत. आपल्या घरात एप्रिलमध्ये एवढी थंडाई कुठून? लाइट जाते तिथे मी असं सांगतो: बाटली झाकणाच्या डबीत घाला, डबी ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या माठात. पाणी आत जाता कामा नये.

नंदुरबारकर (शनिवार, सकाळी ७.५०)

माठाचं खरं आहे, आमच्या आईची बाटली उन्हाळ्यात माठातच असते. पण ताईंच्या सासूबाईंचा प्रश्न राहिलाच. माझ्या बहिणीला गरोदरपणात सुरू झालं होतं आणि आज मुलगी सहा वर्षांची आहे तरी सुई चालूच आहे. मग "सुटस नही" हे खोटं कसं म्हणायचं?

जुनी_सिस्टर (शनिवार, दुपारी १२.४०)

भाऊ, बहिणीचं मी बघितल्याशिवाय सांगू शकत नाही. अशा बऱ्याच बायकांना शुगर गरोदरपणाच्या आधीपासून असते, कळते मात्र तेव्हा, कारण पहिल्यांदा रक्त तेव्हाच तपासतात. पहिल्या तीन महिन्यांतच शुगर खूप जास्त निघाली होती का, तिला विचारा. इन्सुलिनने सवय लागत नाही. जिचं शरीर स्वतःचं पुरेसं करत नाही, तिला बाहेरून चालू ठेवावं लागतं, एवढंच.

या पोरीची २४व्या आठवड्यात निघाली, उपाशीपोटीची थोडीच वर. अशांमध्ये वार बाहेर पडली की गरज एकदम उतरते. मी प्रसूतीच्या टेबलावरून खोलीत आणलेल्या बाईचं इन्सुलिन त्याच दिवशी बंद होताना पाहिलं आहे, एकदा नाही, शेकडो वेळा. पण सासूबाईंची भीती अगदीच निराधार आहे असंही नाही. हिला पुढे कधीतरी शुगर होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त आहे, सुई घेतली काय किंवा नाही घेतली काय. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची आणि पुढेही अधूनमधून. तेव्हा सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं आणि ही तपासणी हमखास राहून जाते.

पारोळ्याची_लेक (अडीच आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.५०)

उशिरा लिहितेय. गोळीचं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, फक्त रात्रीचीच शुगर अडते आहे, तर नेमकं रात्रीपुरतं काम करणारं औषध देऊ. मला ते पटलं.

रात्री दहाला ६ युनिटपासून सुरू झालं, लाल टोपी, ४० ची बाटली, दोन्ही आकडे रोज मोठ्याने वाचते. दर तीन दिवसांनी सकाळचे आकडे फोनवर कळवायचे आणि त्या सांगतील तेवढं वाढवायचं. ८, मग १०, आता १२. सकाळची ९६, ९४, ९१, मागचे चार दिवस ८६ ते ९०. हे माझे आकडे आहेत, कुणी बघून घेऊ नका. त्या म्हणाल्या ३४-३५व्या आठवड्यापर्यंत आणखी वाढवावं लागेल, त्याचा अर्थ आजार बळावला असा नाही, वार मोठी होते म्हणून. उलट शेवटी शेवटी शुगर आपोआप खूप उतरायला लागली तर लगेच कळवायचं.

पहिल्या रात्री आडवी पडले, आमच्या ह्यांनी हात धरला होता, मी डोळे मिटून टोचलं. अंधारी आली नाही. तिसऱ्या दिवसापासून बसून घेते.

एकदा घाबरले. मागच्या मंगळवारी पाहुणे होते, जेवायला उशीर होणार म्हणून इन्सुलिन घेऊन बसले आणि जेवण राहूनच गेलं, नुसतं दूध घेऊन झोपले. रात्री अडीचला अंग थरथरून जाग आली, घामाने ओली झाले होते. मशीनवर ६१. उशाशी साखरेची डबी ठेवायला सांगितलं होतं, तीन चमचे पाण्यात घालून प्यायले. १५ मिनिटांनी ८४, मग अर्धी भाकरी खाल्ली. बाळ हललं तेव्हा जीवात जीव आला. सकाळी फोन केला, त्या रागावल्या नाहीत, पण आधी जेवण आणि मग सुई, हे मला तीनदा म्हणायला लावलं.

आता आखाजीला माहेरी धरणगावला जायचं आहे, चार दिवस. आईचा फोन आला, सांजोऱ्या आणि रस करणार आहे. रसाचं मी ठरवलं आहे, अर्धी वाटी, जेवणातच, आणि त्या वेळची एक भाकरी कमी, दोन तासांनी बघणार. मेडिकलवाले भाऊ, प्रश्न बाटलीचा आहे. एसटीने दुपारी जावं लागेल. डबीत बर्फ घालून नेली तर चालेल का?

मेडिकल_चाळीसगाव (रविवार, रात्री १०.३०)

बर्फ बाटलीला लागू देऊ नका, गोठेल. बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळा, बाटली वेगळ्या डबीत, दोन्ही एका छोट्या थर्मासमध्ये. पिशवी हातात ठेवा, गाडीच्या टपावर किंवा खिडकीकडच्या उन्हात नाही. माहेरी पोचलात की माठ. आणि सिरिंजा इथूनच मोजून न्या, लाल टोपीच्या, तिथल्या दुकानात केशरी मिळाल्या तर घेऊ नका.

केळीवाली_रावेर (रविवार, रात्री १०.४५)

साखरेची डबी पर्समध्ये घे, बॅगेत नको. बॅग वरच्या रॅकवर जाते.